संन्याशाला सुळी देण्याआधी कपाटातले तीस जुने प्रकल्प तपासा

प्रति,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि संशोधन मार्गदर्शक यांस,

स. न. वि. वि.

पदव्युत्तर वर्गाचा इंग्रजी प्रकल्प किंवा लघुप्रबंध तपासणीला गेला की हल्ली दोन टक्केवाऱ्या परत येतात. एक साम्याची आणि दुसरी एआयची. दोन्ही शेजारी शेजारी छापलेल्या असतात, म्हणून त्या एकाच जातीच्या वाटतात. तशा त्या नाहीत. साम्याच्या अहवालात रंगवलेल्या ओळीवर बोट ठेवले की मूळ लेख उघडतो. दोन्ही मजकूर समोरासमोर ठेवून चोरी झाली की नाही हे कोणीही सांगू शकतो. एआयच्या टक्केवारीमागे असा मूळ लेख नसतो. तो एका यंत्राने दुसऱ्या यंत्राबद्दल बांधलेला अंदाज असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतल्या 10, 40 आणि 60 टक्के या पायऱ्या फक्त साम्यासाठी आहेत. ‘एआय 45 टक्के, म्हणजे दुसरी पायरी’ असा शेरा मारणे म्हणजे तापमापकाने रक्तदाब मोजण्यासारखे आहे.

हे पत्र त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल आहे. मराठी माध्यमातून आलेला आणि जपून, पुन्हा पुन्हा तपासून इंग्रजी लिहिणारा विद्यार्थी या अंदाजात इतरांपेक्षा जास्त वेळा का अडकतो, आणि आपल्या विभागात तसे घडते आहे का हे दोन दिवसांत कसे तपासता येईल, एवढेच सांगायचे आहे.

आधी एआयची टक्केवारी काढणारी ही शोधयंत्रे बघतात काय ते पाहू. वाक्यातला पुढचा शब्द हाताने झाकावा आणि समोरच्याला ओळखायला सांगावे, असा एक खेळ आहे. भाषेचे मॉडेल आतून हाच खेळ खेळते. आतापर्यंतचे शब्द पाहून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे ते मोजते. वाचताना ते सरासरी किती बुचकळ्यात पडले याच्या आकड्याला पर्प्लेक्सिटी म्हणतात. प्रत्येक जागी जणू दोनच सारख्या शक्यतेच्या शब्दांत निवड करायची होती, असे असेल तर हा आकडा 2 येतो. वीस शब्दांत निवड करायची असेल तर 20. यंत्र स्वतः लिहिते तेव्हा बहुतेक वेळा जास्त शक्यतेचेच शब्द उचलते, त्यामुळे त्याच्या मजकुराचा आकडा कमी येतो. शोधयंत्राने यावरून उलटा निष्कर्ष काढला: आकडा कमी, तर लेखक यंत्र. याच्या जोडीला दुसरे माप येते ते चढउताराचे. माणूस एक वाक्य चार शब्दांचे लिहितो आणि पुढचे तीस शब्दांचे, तर यंत्राची वाक्ये एका मापाची निघतात, असे त्यात धरलेले असते.

हा उलटा निष्कर्षच चुकतो. यंत्र अपेक्षित शब्द वापरते हे खरे आहे. पण अपेक्षित शब्द वापरणारा प्रत्येक जण यंत्र नसतो. परक्या भाषेत लिहिणारा माणूस तर मुद्दाम अपेक्षित शब्दच शोधत असतो, कारण तेच त्याला बरोबर असल्याची खात्री असते.

उदाहरणासाठी रावेर तालुक्यातल्या केळी उत्पादकांवरच्या वाणिज्य शाखेच्या प्रकल्पातले एक वाक्य घेऊ. वाक्य आम्ही रचले आहे, पण असे वाक्य आपल्यापुढे वर्षातून पन्नास वेळा आले असेल: ‘बनाना कल्टिव्हेशन प्लेज ॲन इम्पॉर्टंट रोल इन द इकॉनॉमी ऑफ रावेर तालुका.’ यातला एकेक शब्द झाकून पाहा. ‘प्लेज ॲन इम्पॉर्टंट’ इथपर्यंत आलो की ‘रोल’ सांगायला मॉडेलही लागत नाही, दहावीचा मुलगा सांगेल. पुढचे ‘इन द’ तसेच. ‘इकॉनॉमी’ला दोन-चार पर्याय आहेत. यंत्र खऱ्या अर्थाने थबकते ते ‘रावेर’पाशी. बारा शब्दांत दचकायला जागा एक-दोनच, म्हणून सरासरी खाली येते.

आता हीच गोष्ट लहानपणापासून घरात इंग्रजी बोलणारा कसा लिहील? ‘टेक बनानाज आउट ऑफ रावेर अँड देअर इझन्ट मच लेफ्ट टु सेल.’ सुरुवात आज्ञार्थी क्रियापदाने, मध्ये बोलीतले संक्षिप्त रूप, शेवट अनपेक्षित. आकडा वर जातो. आणि निष्काळजी विद्यार्थी? ‘बनाना कल्टिव्हेशन आर प्लेइंग मेन रोल फॉर रावेर इकॉनॉमी.’ यात व्याकरणाच्या चुका आहेत. चूक म्हणजे यंत्रासाठी अनपेक्षित शब्द, त्यामुळे याचाही आकडा वर जातो. मधला अडकतो: ज्याने चुका काढल्या, पण भाषेशी खेळण्याचे धाडस केले नाही तो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. शाळेत प्रत्येक आर्टिकलवर लाल शाई खाल्लेला मुलगा इंग्रजी वाक्य तसेच फुंकून फुंकून लिहितो.

खानदेशात हे आणखी ठळक होते. घरी ‘काय करी राह्यना?’ विचारणारी अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याला भिली किंवा पावरी. शाळेत प्रमाण मराठी. इंग्रजी ही अशा विद्यार्थ्याची तिसरी भाषा, आणि तीही कानावरून न आलेली. महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, पण बाजारात, बसमध्ये, घरात ती ऐकू येत नाही. त्यामुळे त्याच्याकडे असलेले सगळे इंग्रजी पाठ्यपुस्तकातून, गाइडमधून आणि आदर्श निबंधातून आलेले असते. ‘इट इज ऑब्झर्व्ह्ड दॅट’, ‘ऑन द अदर हँड’, ‘इन ॲडिशन टु धिस’ हे त्याचे ठेवणीतले तुकडे. वाक्य बारा ते सोळा शब्दांचे, कारण लांब वाक्यात काळ चुकतो असे त्याला शिकवले आहे. ‘आय’ नाही, कारण संशोधनात स्वतःबद्दल लिहू नये असे आपणच सांगितले. म्हणी नाहीत, कारण अर्धवट आठवलेली म्हण हसे करते. यातला प्रत्येक निर्णय शहाणपणाचा आहे, आणि प्रत्येक निर्णय पर्प्लेक्सिटी थोडी थोडी खाली ढकलतो.

त्यात भर म्हणून मजकुरावर आणखी हात फिरतात. टायपिंग सेंटरवाला वर्डमधल्या लाल-निळ्या रेघा दिसतील तशा दुरुस्त करतो. मग मार्गदर्शक स्वतः दोनदा वाचून वाक्ये सरळ करतात. म्हणजे जो गुळगुळीतपणा यंत्राचा म्हणून विद्यार्थ्याच्या माथी मारला जातो, त्यातला काही तर आपल्याच लाल पेनाचा असतो.

आजची बरीच शोधयंत्रे एवढी साधी नाहीत, हे मान्य आहे. माणसाच्या आणि यंत्राच्या लेखनाचे मोठे नमुने दाखवून त्यांना फरक शिकवलेला असतो. पण ‘माणसाचे’ म्हणून दाखवलेल्या नमुन्यांत धरणगावच्या किंवा साक्रीच्या मुलाने लिहिलेले इंग्रजी किती असेल? जे फारसे दाखवलेलेच नाही, ते यंत्र जवळच्या ढिगात टाकते. आणि नीटनेटके, औपचारिक, एका मापाचे इंग्रजी ज्या ढिगाच्या जवळ आहे तो यंत्राचा ढीग.

याचा आजवरचा सर्वांत परिचित पुरावा 2023 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘पॅटर्न्स’ या नियतकालिकात मांडला. त्यांनी सात शोधयंत्रांना दोन प्रकारचे निबंध दिले. 88 निबंध अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे होते, आणि 91 निबंध टोफेल या परीक्षेचे, परभाषकांनी लिहिलेले होते, एका चिनी शैक्षणिक संकेतस्थळावरून घेतलेले. आठवीच्या मुलांचे जवळजवळ सगळे निबंध माणसाचे म्हणून बरोबर ओळखले गेले. टोफेलच्या निबंधांत सरासरी 61 टक्के वेळा ‘यंत्रलिखित’ असा खोटा शिक्का बसला. 91 पैकी 18 निबंधांवर सातही यंत्रांचे एकमत झाले, आणि ते एकमत चुकीचे होते. ‘दोन-तीन यंत्रांवर टाकून पाहिले, सगळी एकच सांगतात’ हा युक्तिवाद बैठकीत नेहमी होतो, म्हणून हा आकडा लक्षात ठेवावा. यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी मोजतात जवळपास एकच गोष्ट, म्हणून चुकतातही एकत्रच. एका चष्म्याच्या तीन जोड्या घालून नंबर तपासल्यासारखे ते होते.

त्याच संशोधकांनी पुढे केलेला प्रयोग जास्त बोलका आहे. टोफेलचे तेच निबंध त्यांनी चॅटजीपीटीला दिले आणि शब्दसंपदा इंग्रजी मातृभाषकासारखी करायला सांगितली. आता यंत्राचा हात खरोखरच लागला होता, तरी खोट्या शिक्क्यांचे प्रमाण 61 वरून सुमारे 12 टक्क्यांवर आले. उलट बाजूने अमेरिकन मुलांच्या निबंधांतले शब्द साधे करवले, तर त्यांचे प्रमाण सुमारे 5 वरून 57 टक्क्यांवर गेले. मोजले जात होते ते शब्दांचे वैविध्य. लिहिणारा कोण, याच्याशी त्याचा संबंध सैल होता. व्यवहारात याचा अर्थ असा की सगळा प्रकल्प यंत्राकडून लिहून घेऊन ‘जरा अलंकारिक कर’ म्हणणारा सुटतो आणि यंत्राला हातही न लावणारा अडकतो.

या अभ्यासाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. निबंध छोटे होते, लेखक मराठी नव्हते, आणि त्यानंतर यंत्रे बदलली आहेत. मोठ्या मजकुरात हा भेद फारसा राहत नाही, असे काही कंपन्या स्वतःच्या चाचण्यांवरून म्हणतात. म्हणून ‘61 टक्के’ हा आकडा खानदेशाला जसाच्या तसा लावू नये, असे आम्हालाही वाटते. पण कंपनीने सांगितलेला ‘एक टक्क्याहून कमी’ हा आकडाही तसाच लावता येत नाही. तोही आपल्या विद्यार्थ्यांवर मोजलेला नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही जानेवारी 2023 मध्ये स्वतःचे शोधयंत्र आणले होते. त्यांच्याच सांगण्यानुसार ते यंत्राचा 26 टक्के मजकूर पकडत होते आणि माणसाच्या 9 टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारत होते. जुलै 2023 मध्ये अचूकता कमी असल्याचे कारण देऊन त्यांनी ते बंद केले.

तेव्हा आपला आकडा आपणच मोजावा, ही आमची मुख्य विनंती. त्यासाठी लागणारे साहित्य प्रत्येक विभागाच्या कपाटात धूळ खात पडले आहे. चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले 30 नोव्हेंबर 2022 ला. 2019 किंवा त्याआधी जमा झालेले प्रकल्प अशा यंत्राने लिहिलेले असण्याचा प्रश्नच नाही. त्यातले 30 प्रकल्प काढावेत. पहिले हाती लागतील ते किंवा चांगले वाटतील ते घेऊ नयेत, तर नोंदवहीतला दर पाचवा किंवा दर दहावा क्रमांक घ्यावा. प्रत्येकातला सातशे-आठशे शब्दांचा मजकूर, म्हणजे प्रस्तावना आणि निष्कर्ष मिळून, आपण आज जे शोधयंत्र वापरता त्याच यंत्रावर चालवावा. एखादा प्रकल्प कुठून तरी उतरवलेला असेल तर साम्याच्या तपासणीत तो दिसेल. तो बाजूला ठेवून पुढचा घ्यावा.

यात तीन ठिकाणी घसरायला होते. पानांचे फोटो काढून ॲपने मजकूर उतरवला तर ‘आरएन’चे ‘एम’ होणे, ओळी तुटणे असल्या चुका शिरतात. वर पाहिले तसे चुकांनी आकडा वाढतो, आणि यंत्र आहे त्यापेक्षा निर्दोष दिसते. म्हणून उतरवलेला मजकूर मूळ पानाशी ताडून घ्यावा, किंवा सरळ टाइप करून घ्यावा. दुसरे, शोधगंगेवरचे प्रबंध सोपे पडतात म्हणून तेच वापरण्याचा मोह होईल. पण ते वर्षानुवर्षे इंटरनेटवर आहेत आणि मॉडेलांनी ते आधीच वाचलेले असू शकतात. पाठ असलेला मजकूर यंत्राला बुचकळ्यात पाडत नाही. कपाटातले, कधीच कुठे न चढवलेले प्रकल्प जास्त विश्वासाचे. तिसरे, मराठी आणि इंग्रजी माध्यमातून दहावी झालेल्यांची मोजणी वेगळी ठेवावी. एकत्र सरासरीत नेमका हाच फरक पुरला जातो. प्रवेश अर्जांत माध्यम नोंदलेले असते.

समजा, मराठी माध्यमाच्या 30 जुन्या प्रकल्पांपैकी 5 ‘यंत्रलिखित’ निघाले. म्हणजे सुमारे 17 टक्के. नमुना लहान आहे, त्यामुळे खरा दर 6 ते 35 टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. एकही निघाला नाही तरी हुरळून जाऊ नये. तीसपैकी शून्य आल्यावरही खरा दर 10 टक्क्यांपर्यंत असणे शक्य असते. आता तो 17 टक्क्यांचा दर घेऊन यंदाच्या वर्गाकडे या. 120 प्रकल्प आले. त्यातल्या 20 जणांनी खरोखर यंत्राकडून लिहून घेतले आणि शोधयंत्राने त्यातले 16 पकडले, असे उदारपणे धरू. उरलेल्या 100 प्रामाणिक विद्यार्थ्यांपैकी 17 जणांवर खोटा शिक्का बसेल. आपल्या टेबलावर 33 नावांची यादी येईल, आणि त्यातली 17 निरपराध असतील. यादीतून डोळे मिटून एक नाव काढले तर तो चोर असण्यापेक्षा संन्यासी असण्याचीच शक्यता जास्त. यंत्राने मात्र दोघांच्याही नावापुढे सारख्याच ठामपणे 80 टक्के लिहिलेले असेल. (त्या 80 चा अर्थही विचारून घ्यावा. काही यंत्रांत तो ‘शंभरातली ऐंशी वाक्ये’ असा असतो, तर काहींत ‘आमची खात्री ऐंशी टक्के’ असा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.)

यादी आली की पहिले काम म्हणजे रंगवलेली वाक्ये कुठली आहेत ते पाहणे. ती संशोधन पद्धतीच्या प्रकरणात असतील तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ‘सोप्या यादृच्छिक पद्धतीने 100 उत्तरदाते निवडले, संरचित प्रश्नावली वापरली’ हे इंग्रजीत लिहिण्याचे दोनच मार्ग आहेत, आणि दोन्ही सगळ्यांनी वापरून झाले आहेत.

दुसरे काम संदर्भसूचीचे. यंत्र अस्तित्वात नसलेले लेख बिनदिक्कत देते. सूचीतल्या कोणत्याही पाच नोंदी ग्रंथालयात किंवा डीओआय क्रमांकावरून शोधाव्यात. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, पण त्या अंकात तो लेखच नाही, अशा दोन नोंदी निघाल्या तर तो टक्केवारीपेक्षा कितीतरी वजनदार पुरावा आहे. तसेच तक्त्यांचे. भरलेल्या प्रश्नावल्या मागवून एखाद्या तक्त्याची बेरीज लावून पाहावी.

मग विद्यार्थ्याशी बोलावे, आणि ते मराठीत. पंधरा मिनिटे पुरतात. यावलऐवजी रावेर का निवडले, किती प्रश्नावल्या कोऱ्या परत आल्या, कुठल्या प्रश्नाला शेतकऱ्यांनी उत्तर द्यायचे टाळले, रंगवलेल्या तीन वाक्यांचा अर्थ काय. ज्याने काम केले तो इथे अडखळत नाही. इंग्रजीत बोलायला लावून ‘बोलता तर येत नाही, मग लिहिले कसे?’ असे विचारू नये. इंग्रजी जपून लिहिता येणे आणि बोलता न येणे ही मराठी माध्यमाच्या मुलाची नेहमीची अवस्था आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेशी तुलना करूनही फसगत होते. तीन तासांत लिहिलेले आणि तीन महिने घोटलेले इंग्रजी सारखे नसतेच.

गूगल डॉक्समधली आवृत्त्यांची नोंद, म्हणजे Version history, मागण्याची पद्धत आता सुरू झाली आहे. ती उपयोगी आहे, पण आपल्याकडे एक अडचण आहे. पुष्कळ विद्यार्थी वहीत लिहितात आणि टायपिंग सेंटरवर देतात. तिथला ऑपरेटर त्याच्या संगणकावर टाइप करून फाइल पाठवतो, ती उघडून मजकूर एका दमात चिकटवला जातो. नोंदीत दिसते की पन्नास पाने एका मिनिटात आली. यंत्रातून उचललेल्या मजकुराची खूणही अगदी हीच. फरक कळतो तो कच्च्या वहीवरून. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावे: कच्ची वही टाकू नका, दर आठवड्याला तिच्या पानांचे फोटो मार्गदर्शकांना पाठवा, टायपिंगची पावती जपा, मार्गदर्शकांच्या खुणा असलेली जुनी प्रत ठेवा.

एक प्रश्न उरतो, तो अवघड आहे. विद्यार्थ्याने मराठीत स्वतः लिहिले आणि गूगल ट्रान्स्लेटने इंग्रजी केले, तर? विचार त्याचा, आकडे त्याचे, इंग्रजी वाक्ये मात्र खरोखर यंत्राची. शोधयंत्राने इथे शिक्का मारला तर तो खोटा म्हणता येणार नाही. हे चालेल की नाही हे विभागाने आधी ठरवून लेखी द्यावे. आमच्या मते चालावे, पण मूळ मराठी मसुदा परिशिष्टात जोडण्याच्या अटीवर. आपले मत वेगळे असू शकते. नियम मात्र प्रकल्प सुरू होण्याआधी फलकावर लागलेला असावा.

तीस प्रकल्पांच्या चाचणीचा निकाल एका पानात मावतो: यंत्राचे नाव, चालवल्याची तारीख, किती प्रकल्प, माध्यमानुसार किती चुकले. ही यंत्रे न सांगता बदलतात, त्यामुळे दर सत्राला तेच 30 उतारे पुन्हा चालवावेत. ते पान विभागाच्या सूचनाफलकावर आणि चौकशी समितीच्या फायलीत पहिल्या क्रमांकावर लावावे. समिती एखाद्या विद्यार्थ्याला बोलावेल तेव्हा त्याची टक्केवारी त्या पानाशेजारी ठेवून वाचली जावी, आणि ते पान त्यालाही दाखवले जावे.

आपले,
इंग्रजी लेखन आणि भाषातंत्रज्ञान शिकवणारे काही शिक्षक
खानदेश